मामा, पोस्टपेड फॅमिली प्लॅनच्या अटी, थोडक्यात

मामा, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली चौदा पानांची पीडीएफ काल रात्री दोनदा वाचली. दुकानात बसून वाचता येईल असं मराठीत खाली लिहिलंय. फॉर्मवर सही करायच्या आधी निदान डेटाचा भाग मामीला आणि ऋतुजाला वाचून दाखवा, कारण सगळ्यात मोठा फरक ऋतुजाला पडणार आहे.

महिन्याला किती

दुकानात आलेल्या माणसाने ७४९ सांगितले. त्या ७४९ मध्ये तुमचा नंबर आणि मामीचा नंबर, एवढेच येतात. ऋतुजाच्या तिसऱ्या नंबरचे २५० वेगळे. झाले ९९९. त्यावर १८ टक्के जीएसटी १७९.८२. म्हणजे हातात येणारं बिल ₹१,१७८.८२.

आत्ता तुम्ही तिघांचे ३४९ चे रिचार्ज मारता, त्यात जीएसटी धरलेलाच असतो. पण ते २८ दिवसांचे, म्हणून वर्षात बारा नाही, तेरा वेळा मारावे लागतात. तिघांचे वर्षाचे १३,६११ होतात. पोस्टपेडचे बारा महिन्यांचे १४,१४५.८४. फरक वर्षाला सुमारे ५३५ रुपयांचा, आणि तो पोस्टपेडच्या बाजूने जास्त आहे. "स्वस्त पडेल" हे त्या माणसाचं म्हणणं बरोबर नाही. रिचार्ज संपायची कटकट जाईल, हे मात्र खरं.

बिल ७ तारखेपासून पुढच्या ६ तारखेपर्यंतचं. भरायची मुदत २४ तारीख, उशीर झाला तर १०० रुपये दंड आणि त्यावरही जीएसटी. मध्येच प्लॅन चालू केला तर पहिल्या बिलात भाडं दिवसांच्या हिशेबाने लागेल आणि डेटाही त्याच हिशेबाने कमी मिळेल. शिवाय पोस्टपेडला गेलात की प्रीपेडचे उरलेले दिवस बुडतात, पैसे परत नाहीत. तुमचा रिचार्ज २६ ला संपतोय ना? मग २५ च्या आत घाई करू नका.

डेटा किती

तुम्हाला महिन्याला ७५ जीबी, मामीला ३० आणि ऋतुजाला ३०. जाहिरातीत "फॅमिलीसाठी १३५ जीबी" असं मोठ्या अक्षरात आहे, पण तो एकत्र साठा नाही. पान ६ वर स्पष्ट लिहिलंय की एका नंबरचा डेटा दुसऱ्याला वापरता येणार नाही. तुमचे पन्नास जीबी पडून राहिले तरी ऋतुजाच्या कामाला येणार नाहीत. न वापरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो, तोही फक्त तुमच्या नंबरचा आणि १५० जीबीपर्यंतच.

आता ऋतुजाचं बघा. सध्या तिला रोजचे दीड जीबी आहेत आणि हॉस्टेलचं वाय-फाय बंदच असतं, त्यामुळे ते ती रोज संपवते. त्याच वेगाने ३० जीबी वीस दिवसांत संपतील. रोजच्या पॅकमध्ये डेटा संपला तरी रात्री बारानंतर पुन्हा मिळतो. इथे बाराचा काही संबंध नाही. ७ तारखेला मिळालेला डेटा २६ ला संपला, की पुढच्या ७ तारखेपर्यंत थांबायचं.

संपल्यावर काय होतं

नेट बंद पडत नाही आणि आपोआप पैसेही लागत नाहीत, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे ६४ म्हणजे किलोबिट. आठाने भागा, सेकंदाला ८ किलोबाइट येतात. एक एमबी उतरायला दोन मिनिटांच्या वर. ऋतुजाच्या सरांनी पाच एमबीच्या नोट्स पाठवल्या तर त्या उघडायला साडेदहा मिनिटांच्या वर लागतील, तेही रेंज चांगली असेल तर. व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर जाईल. व्हिडिओ विसरा. यूपीआयचं चक्र फिरत राहतं, आणि गिऱ्हाईक काउंटरवर थांबलेलं असताना ते किती जीव खातं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे ७५ जीबी संपतील असं मला वाटत नाही, म्हणून दुकानाची काळजी नाही.

"आपोआप पैसे लागत नाहीत" याला एक अपवाद आहे, आणि तो फॉर्मच्या शेवटच्या पानावर आहे. "ऑटो टॉप-अप" नावाच्या चौकोनात आधीच टिक मारून ठेवलीय. ती तशीच राहिली तर डेटा संपताच १० जीबी आपोआप जोडले जातील, दर वेळी १०० अधिक जीएसटी म्हणजे ११८ रुपये, एका नंबरवर महिन्यात तीन वेळांपर्यंत. तीनही नंबरांची टिक काढायला सांगा. ऋतुजाला लागलं तर ती स्वतः मागवेल, पैसे तेवढेच पडतात.

प्लॅनबाहेरचे पैसे

भारतातले कॉल, एसटीडीसकट, मोफत. एसएमएस एका नंबरवरून दिवसाला १००, त्यानंतर लोकलला १ रुपया, बाहेरच्याला दीड. तुम्ही हंगामानंतर उधारीच्या आठवणीचे मेसेज एकाच दिवशी पाठवता. १८० गिऱ्हाइकं धरली तर वरच्या ८० मेसेजचे जीएसटीसकट ९४ रुपये ४० पैसे होतील. दोन दिवसांत पाठवा, काही लागणार नाही.

१८०० ने सुरू होणारे नंबर फुकटच. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ त्यातलाच, बिनधास्त लावा. १८६० ने सुरू होणारे मात्र या प्लॅनमध्ये बाहेर धरलेत, मिनिटाला १ रुपया. बँकेला फोन करताना तेवढं बघा. अनोळखी परदेशी नंबरवरून मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नका, आयएसडीचा दर लागतो.

आता मामीची नेपाळ यात्रा. पान ११ मी तीनदा वाचलं. नेपाळ या प्लॅनमध्ये अजिबात नाही. पॅकशिवाय तिथे आलेला फोन उचलला तरी मिनिटाला ७५ रुपये, केलेला १००, आणि डेटा एमबीला ५ रुपये. म्हणजे एक जीबीला ५,१२०. पशुपतिनाथाच्या देवळातून मामीने नातवंडांना अर्धा तास व्हिडिओ कॉल केला तर यात्रेच्या खर्चाचा हिशेब बिघडेल. दहा दिवसांचा नेपाळ पॅक १,४९९ चा, जीएसटीसकट १,७६८.८२. तोही यादीतल्या एकाच नेटवर्कवर चालतो, दुसरं पकडलं तर वरचेच दर.

आणि फोन सीमा ओलांडायची वाट बघत नाही. सोनौलीला बस आपल्या बाजूला उभी असतानाही पलीकडचा टॉवर पकडू शकतो. म्हणून गोरखपूर सोडतानाच मामीच्या फोनमधलं डेटा रोमिंग बंद करायचं. ते मी रविवारी येईन तेव्हा तिच्याकडून दोनदा करून घेते. पॅक घ्यायचा की मुक्कामाच्या वाय-फायवर भागवायचं, हे तिलाच विचारा. मला वाय-फाय पुरेल असं वाटतं.

माझं मत

तुम्ही आणि मामी पोस्टपेडला जा. ऋतुजाला आहे त्या प्रीपेडवरच राहू द्या. तुमचं दोघांचं ७४९ अधिक जीएसटी ८८३.८२ आणि तिचे ३४९ दर २८ दिवसांनी. वर्षाचे १५,१४२.८४, म्हणजे तिघांच्या पोस्टपेडपेक्षा हजारभर जास्त, पण परीक्षेच्या दिवसांत तिचं नेट दहा दिवस रांगणार नाही. तेवढ्याचसाठी हे पैसे घालावेत.

त्या माणसाला फोन करून ७४९ मधला दुसरा नंबर मामीचाच लिहायला सांगा. फॉर्मवर त्याने ऋतुजाचा लिहिलाय.

तुमची,
सई