उलटा खिळा

दाराला आतून कागद चिकटवलाय. 'बाबा, मी सहाला येते. दार उघडु नका.'

डु ऱ्हस्व. शेवटचा उकार दीर्घ हवा, हे या माणसाला कुणी सांगितलं नाही वाटतं. मी खिशातली पेन्सिल काढतो, डु वर तिरपी रेघ मारतो आणि समासात डू लिहितो. मागे होऊन एकदा वाचतो. आता चूक नाही, कागद छापायला जाऊ दे.

मी दार उघडतो.

जिना. खाली जायचं होतं की वर?



म्हातारा जिन्यात उभा आहे. एकाच पायात चप्पल. समोरच्या दारातली बाई म्हणते, "काका, घरात चला बरं," आणि त्याच्या दंडाला धरते. म्हातारा तिला सांगतो की रात्रपाळी आहे, फॉर्म मशीनवर चढवायचाय, उशीर होतोय. बाई कुणाला तरी फोन लावते. हळू बोलते, पण सगळं ऐकू येतं. "हो, परत. नाही, पडले नाहीत."

हा म्हातारा कोण मला माहीत नाही. चप्पल मात्र माझी आहे.



आठवत नाही म्हणतात. काय आठवत नाही? विचारा.

समोर छपाईच्या खिळ्यांच्या चार केसी, उतरत्या मांडलेल्या. सारखी लागणारी अक्षरं हाताशी, क्वचित लागणारी दूर. कान्याचं घर पोटाजवळ. झ पार वरच्या कोपऱ्यात, त्यासाठी टाचा उचलाव्या लागायच्या. डाव्या हातात स्टिक, उजवा हात फिरता. खाली बघायचं नाही. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की तो नीट बसणार, एवढंच बघायचं, तेही बोटानं. ओळ डावीकडून उजवीकडे भरायची, पण अक्षरं डोक्यावर उभी. आपल्या लिपीत अक्षर रेघेला लोंबतं ना? स्टिकमध्ये ते रेघेवर उभं राहतं. नवीन पोरांना हे जमायला महिने लागायचे. मला पंधरा दिवस. की तीन महिने. मालकांनी पाठीवर थाप मारली होती. त्यांचं नाव

त्यांचं नाव विचारू नका. थाप इथे बसली होती, इथे.



"तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, मी नंतर विचारणार आहे. चेंडू. झेंडा. झाड."

तू मान हलवतोस. टेबलापलीकडची मुलगी डॉक्टर आहे, पांढऱ्या कोटावरून कळतं. शेजारच्या खुर्चीत बसलेली बाई तुझा चष्मा पुसून देते आहे, म्हणजे घरातलीच कुणीतरी असणार.

"शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात."

त्र्याण्णव. शहाऐंशी. शहाऐंशी पानं? आठानं भाग जात नाही. दोन कोरी घालावी लागतील, अठ्ठ्याऐंशी होतील, अकरा फॉर्म. तू हे सगळं मोठ्यानं बोलतोस. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहिते. बरोबर उत्तराला एवढं कुणी लिहीत नाही.

"आता घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, असं."

तू गोल काढतोस. हात थरथरत नाही. बारा वर, सहा खाली, मग एक, दोन, तीन डाव्या बाजूनं उतरत. काटे काढतोस. डॉक्टर कागद फिरवून बघते, बाईकडे बघते आणि पुढचं पान उलटते.

ते तीन शब्द तिनं विचारले तेव्हा तू म्हणालास, "कोणते?"



कागद तिनं पर्समध्ये घालून घरी आणला. कपाटासमोर उभी राहून साडीची पिन काढताना तो हातातच होता. आरशात घड्याळ बघितलं. एक, दोन, तीन उजव्या बाजूनं उतरत होते. काटे अकरावर आणि दोनावर. ती पलंगाच्या कडेला बसली. जरा वेळानं उठून डॉक्टरांना फोन करायला घेतला. काय सांगणार? पान फॉर्ममध्ये असं दिसतं म्हणून? तिनं फोन ठेवला.

हे मी पाहिलं नाही. मी तेव्हा झोपलो होतो. कुणी सांगितलं मला?



"अहो!"

"आलो," मी म्हणतो आणि उठतो. गुडघा धरलाय. ही कधी नावानं हाक मारत नाही. पस्तीस वर्षांत एकदाच मारली होती, ताप डोक्यात गेला होता तेव्हा.

"अहो, ऐका ना, आज मी बाबांकडेच राहते. तुम्ही जेवून घ्या."

पाठमोरी उभी आहे. केस तसेच बांधलेत. कानाला काहीतरी लावलंय. मी मागे जाऊन उभा राहतो, बोलणं संपू दे म्हणून. बायकांचं बोलणं मध्ये तोडू नये.

ती वळते. दचकते. "बाबा? काय हवंय?"

चेहरा बराचसा तोच आहे. पण ती मला बाबा का म्हणेल?

"तू हाक मारलीस," मी म्हणतो.

तिला कळायला थोडा वेळ लागतो. मग ती फोन ओट्यावर पालथा ठेवते. "हो," म्हणते, "मारली. बसा इथे."



गॅली माझ्या हातून पडली. एक अख्खं पान खिळे फरशीवर विखुरले, टेबलाखाली गेले, मशीनखाली गेले. सकाळी छापायचं होतं.

नाही. नव्या पोराच्या हातून पडली. मी त्याला ओरडलो नाही. दोघं कंदील घेऊन गुडघ्यांवर बसलो. अनुस्वार सापडत नाहीत, एवढाले असतात, फटीत जातात.

कंदील हिच्या हातात होता. ही छापखान्यात कधी आली नाही. पण कंदील तिनंच धरला होता, बांगडी वाजत होती. पोरगी कडेवर झोपली होती. मग पोरगी सहा महिन्यांची असणार. आणि मी

उजाडेपर्यंत पान परत जुळवलं. शेवटच्या ओळीत एक शब्द आमच्या पदरचा होता. मूळ कागद हरवला होता, काय करणार? कुणी ओळखलं नाही.



दिवस कलला की खोली बदलते. खिडकी त्या भिंतीला नव्हती. मी दोनदा सांगितलं, घरी जायचंय. बाई म्हणते, हेच घर. मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तिचे डोळे दमलेले दिसले, आणि दिवसभर उभं राहिलेल्या माणसाशी वाद घालू नये.

दारावरचा कागद बदललाय. 'बाबा, दार उघडू नका.' डू दीर्घ. कुणी का असेना, सुधारणा मनावर घेतो माणूस.



रात्री तिला जाग आली. शेजारच्या पलंगावर बाबा उताणे पडले होते, डोळे उघडे. डावा हात छातीवर, मूठ अर्धवट वळलेली. उजवा हात हवेत, एकदा जवळ, एकदा लांब. मग खांद्यापर्यंत उचलून पार वर, भिंतीकडे. पाय पांघरुणाखाली ताणले गेले.

"चेंडू," ते म्हणाले.

तिनं श्वास रोखला.

हात परत वर गेला. "झाड."

"आणि बाबा? अजून एक होता."

हात कोपऱ्यात चाचपत राहिला, मग खाली आला.

"झ संपलाय. एकच होता, तो झाडाला लावला."

"मग?"

"मग काय. तोवर दुसरा कुठला तरी खिळा उलटा घालून ठेव. जागा गेली नाही पाहिजे. सकाळी बघू."