विषय : ट्रान्सक्रिप्शनच्या क्यूमध्ये बदली मिळण्याबाबत

सोलापूर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून मी फोटोतल्या वाहनांभोवती चौकटी आखते आहे. रिक्षा, ट्रक, दुचाकी. कड नीट बसली की पुढचा फोटो. कामात कसूर केलेली नाही. पण यात शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही आणि दुपारनंतर नजर नुसती सरकत राहते, याची मला खरंच काळजी वाटते.

मला ऑडिओ ट्रान्सक्रिप्शनच्या क्यूमध्ये घ्यावं, ही विनंती. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. आमच्या पूर्व भागात माणसं एकाच वाक्यात भाषा बदलतात; ते मला चटकन कळतं. हवी तर चाचणी घ्या. माझ्या जागी येणाऱ्याला शिकवूनच मी जाईन.

आपली विश्वासू,
सुजाता