क्रेडिट कार्डाची बिलिंग सायकल बदलण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक: 13 ऑगस्ट 2025

प्रति,
व्यवस्थापक,
क्रेडिट कार्ड ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय: 6208 या अंकांनी संपणाऱ्या माझ्या क्रेडिट कार्डाची बिलाची तारीख 12 ऐवजी 21 करण्याबाबत

महोदय / महोदया,

मी वैशाली सुरेश कदम, राहणार भांडुप (पश्चिम), मुंबई 400078, 2019 पासून आपली कार्डधारक आहे. माझ्या कार्डाचे स्टेटमेंट दर महिन्याच्या 12 तारखेला निघते आणि बिल भरण्याची शेवटची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे बहुतेक महिन्यांत 1 किंवा 2 तारखेला येते. कार्ड घेतले तेव्हा ही तारीख माझ्या अगदी सोयीची होती, कारण त्या वेळच्या कंपनीत पगार महिनाअखेरीस जमा होत असे आणि दुसऱ्याच दिवशी मी कार्डाचे पूर्ण बिल भरून मोकळी होत असे. जानेवारी 2025 पासून मी अंधेरी पूर्वेतील एका कंपनीत लेखा विभागात काम करते. येथे पगार 7 तारखेला होतो आणि त्या दिवशी रविवार किंवा सुट्टी असल्यास तो 8 तारखेवर जातो. त्यामुळे आता बिलाची शेवटची तारीख पगाराच्या पाच-सहा दिवस आधी, म्हणजे खात्यात सर्वांत कमी पैसे असतात नेमक्या त्याच दिवसांत येते.

या पाच-सहा दिवसांची किंमत काय पडते, हे मला प्रत्यक्ष आकड्यांसह सांगणे आवश्यक वाटते. 12 मे रोजी निघालेले माझे बिल 23,460 रुपयांचे होते. त्यात महावितरणचे वीजबिल, घरातील किराणा, सासूबाईंची दर महिन्याची औषधे आणि मुलीच्या शाळेची पुस्तके हाच मुख्य खर्च होता. शेवटच्या तारखेच्या आत मी 5,000 रुपये भरले आणि उरलेले 18,460 रुपये 7 जूनला पगार जमा होताच भरले. किमान देय रक्कम वेळेत भरलेली असल्याने विलंब शुल्क लागले नाही, परंतु पुढच्या स्टेटमेंटमध्ये 842 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्क्यांप्रमाणे 151.56 रुपये जीएसटी आला. पूर्ण बिल वेळेत न भरल्यास व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीवरचा बिनव्याजी कालावधीही मिळत नाही, हा नियम मला माहीत आहे. म्हणून ही रक्कम परत मिळावी अशी माझी मागणी नाही. त्याआधी एप्रिलमध्ये हाच प्रसंग टाळण्यासाठी मी मुलीच्या नावाने चालवलेले आवर्ती ठेव खाते मुदतीआधी बंद केले होते. पैसे येणार हे निश्चित असताना केवळ सहा दिवसांसाठी ठेव मोडावी लागणे मला फार लागले, आणि हा अर्ज लिहिण्यामागचे खरे कारण तेच आहे.

मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याशिवाय विलंब शुल्क लावू नये आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परंतु 1 तारखेपासून 7 तारखेपर्यंतचे अंतर या तीन दिवसांत बसत नाही, आणि व्याजाच्या बाबतीत त्या तीन दिवसांचा उपयोगही होत नाही. त्यामुळे तारीखच बदलून घेणे हा एकमेव योग्य मार्ग आहे, असे माझे मत आहे.

रिझर्व्ह बँकेने क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी 2022 मध्ये काढलेल्या आणि 7 मार्च 2024 रोजी सुधारलेल्या निर्देशांनुसार कार्डधारकाला आपल्या सोयीप्रमाणे बिलिंग सायकल किमान एकदा बदलून घेण्याची मुभा आहे. ही मुभा मी आजवर एकदाही वापरलेली नाही. आपल्या मोबाईल ॲपमध्ये मी प्रयत्न केला, परंतु तेथे मला हव्या असलेल्या तारखेचा पर्याय दिसला नाही, आणि हेल्पलाईनवरील प्रतिनिधींनी लेखी विनंती पाठवण्यास सांगितले.

माझी विनंती अशी की, स्टेटमेंटची तारीख दर महिन्याची 21 करावी. वीस दिवसांची मुदत आहे तशीच राहिल्यास बिल भरण्याची शेवटची तारीख 10 किंवा 11 येईल आणि फेब्रुवारीतील बिलासाठी ती फार तर 13 मार्चपर्यंत जाईल. पगार 8 तारखेला गेला तरी किमान दोन दिवस हाती राहतील. 21 तारीख आपल्या व्यवस्थेत उपलब्ध नसेल, तर 20 ते 23 यांपैकी जी तारीख असेल ती मला चालेल. मात्र 18 किंवा त्याआधीची तारीख कृपया ठरवू नये, कारण मग शेवटचा दिवस पुन्हा 7 किंवा 8 तारखेवर येईल आणि पगार एक दिवस लांबला तरी अडचण जशीच्या तशी राहील.

बदलाच्या महिन्याविषयी मला अधिक काळजी आहे. काल, 12 ऑगस्टला, निघालेले बिल मी 1 सप्टेंबरपूर्वी पूर्ण भरणार आहे, त्यामुळे थकबाकीची अडचण येणार नाही. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी असल्याने या महिन्यात कार्डावरचा खर्च नेहमीपेक्षा जास्त होईल. तो खर्च 13 ते 21 ऑगस्टच्या छोट्या बिलाने सुरू होणाऱ्या नव्या सायकलमध्ये येणार, की 13 ऑगस्ट ते 21 सप्टेंबरच्या एकाच लांब बिलात येणार, हे आपण आधी कळवल्यास मला पैशांची तजवीज करता येईल. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत मला मान्य आहे. फक्त त्या मधल्या बिलाची शेवटची तारीख 8 तारखेच्या आधी येऊ नये आणि निव्वळ सायकल बदलल्यामुळे कोणतेही व्याज किंवा शुल्क लागू नये, एवढे कृपया पाहावे.

याच कार्डावर फ्रीजचा नऊ महिन्यांचा हप्ता चालू असून त्याचे चार हप्ते बाकी आहेत. सायकल बदलताना एका बिलात दोन हप्ते येणार असतील किंवा एखादा हप्ता पुढे जाऊन त्यावर जादा व्याज बसणार असेल, तर ते बदल करण्यापूर्वीच मला सांगावे. बिलाची रक्कम माझ्या दुसऱ्या बँकेतील पगार खात्यातून ऑटो डेबिटने वळती होण्याची सोय मी केलेली आहे. ती नव्या शेवटच्या तारखेलाच वळती होईल याची खात्री करून द्यावी, कारण जुन्या तारखेला वळती करण्याचा प्रयत्न झाला आणि खात्यात पैसे नसले, तर ती परत जाऊन त्या बँकेचे दंडशुल्क मला भरावे लागेल.

नवी स्टेटमेंट तारीख, पहिल्या बिलाचा कालावधी, त्याची शेवटची तारीख आणि ऑटो डेबिटची तारीख या चारही गोष्टी आपल्याकडे नोंदवलेल्या माझ्या ईमेलवर लेखी कळवाव्यात, ही विनंती. मागील तीन महिन्यांत पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेल्या पासबुकाच्या पानाची स्वसाक्षांकित प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
वैशाली सुरेश कदम