शाळेची बाग: गणित प्रकल्प, इयत्ता सहावी

चौघांचा गट करा. बागेची जागा १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. चौकटीच्या वहीत १ सेंमी = १ मीटर या प्रमाणात आराखडा काढा. निदान निम्म्या जागेत वाफे हवेत. वाट १ मीटर रुंद ठेवा. भरलेली झारी घेऊन जायचे आहे!

निधी १०० नाणी समजा. कुंपण मीटरला १ नाणे. फाटकाचा १ मीटर वगळा. फाटक ५ नाणी. वाफ्यांतील माती चौरस मीटरला अर्धे नाणे, रोप २ नाणी. खर्च तक्त्यात मांडा. ५ नाणी शिल्लक ठेवाच, काही रोपे मरतात.

परिमिती तेवढीच ठेवून क्षेत्रफळ वाढवता येईल का? दोन आकार तपासा. नुसते उत्तर चालणार नाही, आकडेमोड दाखवा.