फिटनेस अ‍ॅप: पहिल्या आठ आठवड्यांच्या नोटिफिकेशनचा मजकूर

दिवसाला जास्तीत जास्त एक. रात्री साडेनऊनंतर काही जात नाही. विनोदी ओळीला लागून दुसरी विनोदी ओळ नको. सतत मस्करी करणारा माणूसही डोक्यात जातो. आकडे नमुन्यातल्या वापरकर्त्याचे आहेत.

पहिला दिवस, नाव नोंदवल्यावर

गुडघ्याला बाशिंग नको
उत्साह दिसतोय! तरी आज फक्त दहा मिनिटं चाला. गुडघे पुढे बरीच वर्षं लागणार आहेत.

दुसरा किंवा तिसरा दिवस, दुपारी

पोटऱ्या बोलायला लागल्या?
नवीन हालचालीनंतर अंग साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतं, मग आपसूक ओसरतं. तोवर सावकाश चालायला हरकत नाही. एकाच जागी टोचणारी कळ येत असेल तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

जिने उतरल्याचं फोनला कळलं आणि आदल्या दिवशी पायांचा व्यायाम झाला असेल तर

चढताना ठीक, उतरताना आई गं?
उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन सावरतात. त्या कामाची सवय नसली की ते कुरकुरतात. कठडा धरा, त्यात लाज कसली.

सकाळी, आलटून पालटून

बूट दाराशीच आहेत ना? मग अर्धं काम झालं.

आज काय करायचं ते ठरवून ठेवलंय
५ स्क्वॉट, भिंतीला टेकून ५ पुश-अप, मिनिटभर जागच्या जागी चालणं. असं तीनदा. विचार करण्यात जो वेळ जातो तो वाचला.

नमनाला घडाभर तेल नको
पाच मिनिटांचा वॉर्मअप पुरे. खांदे फिरवा, घोटे फिरवा, दोन-चार सावकाश उठाबशा, आणि सुरू.

रात्री झोप झाली नाही वाटतं
काल पाच तासांचीच नोंद आहे. आज जोर नको. मोकळ्या हवेत एक फेरफटका आणि रात्री लवकर आडवं होणं, एवढंच.

दुपारी, तासाभरात हालचाल नसेल तर (आठवड्यातून दोनदाच, याहून जास्त पाठवलं तर लोक बंद करतात आणि त्यांचं बरोबरच असतं)

पुढचा फोन उभ्यानं घ्या.

टेबलाखालचं गुपित
टाचा उचला, टेकवा. वीस वेळा. पोटऱ्या आकसल्या की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. मीटिंग चालू असली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

संध्याकाळी, व्यायामाचे व्हिडिओ पाहिले पण व्यायामाची नोंद नाही

उंटावरून शेळ्या?
सोफ्यावरून सात व्हिडिओ पाहून झाले. आता त्यातला एकच, पहिली दोन मिनिटं, उभं राहून. पुढचं तुम्ही ठरवा.

चालायला सुरुवात केल्यावर पाच मिनिटांनी

वेग बरोबर आहे का?
चालता चालता बोलता येतंय, पण गाणं म्हणायला दम पुरत नाही: हा वेग योग्य. गाणं सहज म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. बोलताही येत नसेल तर दमानं घ्या.

पावलांचं लक्ष्य गाठलं गेलं नाही तेव्हा

दहा हजारांचं ओझं उतरवा
हा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावामुळे. ते नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. तुमची आजची ४,२०० पावलं परवापेक्षा ९०० नं जास्त आहेत. आम्ही ती तुलना बघतो.

गुरुवारी, आठवड्याचा हिशेब

९६ झाली, ५४ उरली
जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सुचवते. रविवारपर्यंत १८ मिनिटांचे तीन फेरफटके मारले की जमलं. तेही तुकड्यातुकड्यानं चालतील: सलग दहा मिनिटं हवीतच, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात नाही.

स्नायूंच्या व्यायामाचा दिवस

प्लँक: कंबरेकडे लक्ष
कंबर खाली झोळीसारखी लोंबायला लागली की वेळ संपली. नीट धरलेले २० सेकंद हे थरथरत काढलेल्या मिनिटापेक्षा कामाचे.

एक ना धड भाराभर चिंध्या
यादीत १४ व्यायाम जोडलेत. आज चारच करू या? पायांचा एक, ढकलण्याचा एक, ओढण्याचा एक, पोटाचा एक.

तिसरा आठवडा, पुश-अपची संख्या वाढली असेल तर

जोर वाढला, दंड तेवढेच?
सुरुवातीची बरीचशी ताकद मेंदू आणि नसा हालचाल शिकतात त्यातून येते. स्नायू मागाहून भरतात. आरशावर एवढ्यात रागावू नका.

वजन तीन दिवस सलग नोंदवलं तर

काट्याला जरा सुट्टी द्या
प्यायलेलं पाणी, जेवणातलं मीठ, रात्री उशिरा झालेलं जेवण, एवढ्यानंही वजन किलोभर इकडचं तिकडं होतं. ती चरबी नव्हे. आठवड्याची सरासरी आम्ही काढतो, रविवारी बघू.

विश्रांतीचा दिवस

आज काही नाही. खरंच.
स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते. ही सूचना वाचलीत, तेवढं पुरे.

आजारी असल्याची नोंद केल्यावर

ताप असेल तर व्यायाम नको. बरं वाटलं की तुम्हीच कळवा, तोपर्यंत आमच्याकडून एक शब्दही येणार नाही. परत सुरू कराल तेव्हा निम्म्यापासून.

चुकलेले दिवस

एक दिवस चुकला तर काहीही पाठवायचं नाही. माणसाला कामं असतात.

तिसऱ्या दिवशी:
कारण विचारत नाही
पाच मिनिटं आहेत? नसतील तर उद्या. ही सूचना बाजूला सारलीत तरी आम्हाला राग नाही.

सलग दिवसांची मोजणी तुटल्यावर:
साखळी तुटली, केलेलं राहिलं
सलग ११ दिवस झाले होते. ते ११ दिवस पुसले जात नाहीत, एकूण बेरजेत आहेत. आज केलंत तर बारावा.

आठवडा उलटल्यावर:
जिथं सोडलं तिथूनच नको
सात दिवसांच्या खंडानंतर थोडं मागं येऊन सुरू करणं शहाणपणाचं. आजचा व्यायाम आम्ही निम्मा करून ठेवलाय. सोपा वाटला तर उत्तमच.

तीन आठवडे काहीच नोंद नसेल तर (ही शेवटची, यानंतर स्वतःहून काही पाठवायचं नाही):
तुमची जुनी नोंद सगळी जपून आहे. परत यावंसं वाटलं तर दहा मिनिटांचं चालणं पहिल्या पानावर ठेवलंय.

स्वतःचाच आकडा मोडला तेव्हा

अरे वा!
दोन किलोमीटर, २१ मिनिटं ४० सेकंद. याआधीची वेळ २३ मिनिटांच्या वर होती. आज कुणाला तरी सांगाच.

आठवा आठवडा

ठोके काय म्हणतात बघा
बसल्या जागी तुमच्या हृदयाचे ठोके पहिल्या आठवड्यात मिनिटाला सरासरी ७८ होते, या आठवड्यात ७३. नियमित व्यायामानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. झोप आणि ताणानंही हा आकडा हलतो, तेव्हा एका दिवसाच्या फरकावर जाऊ नका.

रोज यायचं का अजून?
गेले बारा व्यायाम तुम्ही आमची सूचना यायच्या आधीच केलेत. इथून पुढं किती वेळा आठवण करू?
[आठवड्यातून एकदा] [आधीसारखंच] [नको, मी बघते/बघतो]