पाणी कुठवर आलं?

(संध्याकाळी गोदाघाटावर म्हणायचं. चाल जात्यावरच्या ओवीची, सोबत फक्त टाळ. एक बाई गंगा होऊन गाते, बाकीचे मागे उभे राहून झील धरतात. 'बोल' असेल तिथे टाळ बंद. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून गाण्यातही तसंच. मारुती म्हणजे पात्रातला दुतोंड्या मारुती; पूर किती चढला ते त्याच्यावरून मोजतात.)

पालुपद
मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) घोट्याला लागलं, बाई, घोट्याला लागलं!

ब्रह्मगिरीच्या कपारी थेंब थेंब मी पाझरे
करंगळीएवढीला गोमुखाचे दार पुरे

कुशावर्तात बुडून दिसेनाशी होते जरा
चक्रतीर्थी बेझ्यापाशी उचलते मी चेहरा

बोल:
गौतम ऋषींच्या हातून गाय मेली. ते पाप धुवायला मला खाली आणलं. एक गाय. तेवढंच काम होतं. बाकीची कामं नंतर वाढत गेली.

गंगापुरी धरणात निजते मी दाराआड
दार उचलले की मी पुन्हा पहिलीच द्वाड

सोमेश्वरी घेते उडी, काठी कणसांचा धूर
कणीस आईच्या हाती, पोरं मारतात सूर

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) घोट्याला लागलं, बाई, घोट्याला लागलं!

पुलावर थांबे गाडी, इंजिन तसेच चालू
दोन्ही हात जोडलेले, ओठ लागलेले हालू

जाळी लावली पुलाला, हात जाळीहून लांब
काळी पिशवी सुटली, मी म्हणाले, 'अरे थांब'

बोल:
नमस्कार पोचला. पिशवीही पोचली.
आत काय? चार दिवसांचा झेंडू, दूर्वांची जुडी, उदबत्तीचं रिकामं पाकीट आणि काच तडकलेली एक तसबीर. देव कुठला ते नाही सांगत, घरातल्यांना वाईट वाटेल. फुलांचं मला काही नाही, फुलं मी आठवड्यात संपवते. पण पिशवीला गाठ होती, दुहेरी. ती मला सुटेना. मला बोटं नाहीत.
पिशवी खांबाच्या बुडाशी गाळात रुतली. तिला तिथेच ठेवून मी पुढे निघाले.

रामकुंडी राख येते, लाल फडक्याची गाठ
ती गाठ भिजून सुटे, तिला पाठ माझी वाट

चुंबकाला दोरी बांधी पोर नाणी वेचणारे
तळाशी लागे फरशी, मिटलेले माझे झरे

बोल:
२०१६ च्या उन्हाळ्यात कुंड कोरडं पडलं. लोक पायऱ्या उतरून थेट तळावर उभे. मग टँकर आला, मागचा पाइप सोडला, खळखळ आवाज झाला. मीच होते त्यात की दुसरी कुणी, मला ओळखू येईना. काठावरच्या गुरुजींनी संकल्पात नाव मात्र माझंच घेतलं.

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील, हळू) पायाशी नाही गं, बाई, पायाशी नाही!

टाकळीशी भेटायाला येते बहीण धाकटी
नंदिनी तिचे रे नाव, लोक नासर्डी म्हणती

सातपूर-अंबडाच्या कारखान्यांतून येते
काल जांभळी नेसली, आज राखाडी नेसते

बोल:
रंगपंचमीला गावात पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, उघडतात. वर्षातून एकदा. पूजा होते, रंग कालवतात, पोरं धप्पकन उड्या मारतात आणि नंतर रहाड पुन्हा बुजवतात. हिची पंचमी कॅलेंडरात सापडत नाही. मी विचारलं, "काय गं, आज हा रंग कुणी घातला?" तर म्हणते, "ताई, रात्री कुणीतरी झाकण उघडतं. अंधारात तोंड दिसत नाही."

तपोवनाच्या पुढती फेस चढे फेसावर
पोरं म्हणती, बर्फ आला! लाविती तो गालावर

नातू म्हणे, बघ आजी, म्हातारा मी झालो कसा
आजी पदराने पुसे, गाली लाल उठे ठसा

बोल:
इथेच लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून गावाचं नाव नाशिक. ते नाक कापलं तेव्हा मी बघत होते. आता माझ्या काठानं फिरायला येणारे आपापलं नाक मुठीत धरून चालतात. पोटात हसू येतं हो मला. पण हसले की फेस वाढतो.

दसकाच्या वळणाला पाणवेलींचे हे शेत
बगळा चाले वरून, पाय ओले नाही होत

जांभळा फुलोरा त्याला, फोटो काढिती नवरी
खाली अंधारात मासे तोंड काढिती न वरी

कोळ्याच्या जाळ्यात आज चप्पल डाव्या पायाची
उद्या येईल उजवी, म्हणे, जोडी ती व्हायाची

मध्यमेश्वरी थंडीत चक्रवाक उतरून
काळा बंद चोचीमध्ये, बसे मान वळवून

बोल:
हिमालय ओलांडून आलेला पाहुणा तो. घरटं नाही बांधायचं त्याला इथे, पिल्लंही नाहीत. उगाच धरून बसला होता पिशवीचा बंद. गवत वाटलं असेल.

(इथून टाळ जलद.)

आषाढ सरता सरता धरणाची दारं वर
भांडीबाजारात माझा पाय उंबरठ्यावर

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) गुडघ्याला लागलं, बाई, गुडघ्याला लागलं!

पुलावरून दिलेले ओट्याओट्यावर ठेवी
तडकल्या तसबिरी, ज्याची त्याने ओळखावी

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) कमरेला लागलं, बाई, कमरेला लागलं!

थर्माकोलाचे मखर सराफात दारी आले
सोन्याच्या काट्यापुढती वजन न त्याचे झाले

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) छातीला लागलं, बाई, छातीला लागलं!

बोल (टाळ चालूच, बोल वरून):
पूर बघायला अख्खं गाव येतं. छत्र्या घेऊन, लेकरं खांद्यावर घेऊन येतं. चहावाल्याची चांदी. एरवी वर्षभर माझ्याकडे पाठ करून भाजी घेतात, आज सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. सगळ्यांचा प्रश्न एकच, दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला? कुणी म्हणतं गळ्यापर्यंत, कुणी म्हणतं नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत चढणार. त्याच धुमाळीत पुलाच्या खांबाशी रुतलेलं काहीतरी माझ्या हाताला लागलं. गाळ निघून गेला होता. मी ते उचललं आणि सोबत घेतलं.

मारुतीला विचारा गं, पाणी कुठवर आलं?
(झील) दिसत नाही गं, बाई, दिसतच नाही!

(टाळ एकदम थांबतात. थोडा वेळ काहीच नाही. मग गाणाऱ्या बाईनं एकटीनं, अगदी सावकाश.)

तिसऱ्या दिवशी उतरे पाणी पायरी पायरी
गाळ ओढती खराटे, बाजार भरे दुपारी

मारुती उभा राहिला, अंगावरती शेवाळ
एक तोंड इकडे नि एक तोंड तिकडे, बाळ

त्याच्या खांद्याशी लटके काळी पिशवी फुगून
उन्हात गाठ चमके, तशीच, न उसवून

बोल:
पुलावर एक गाडी थांबली. इंजिन तसंच चालू. पुढे उभं असलेलं पोर म्हणालं, "पप्पा, पाणी कुठवर आलं होतं?"
बापानं बोट लांब केलं.
"ती पिशवी दिसते ना? तिथवर."