विषय: डिस्पॅच विभागात परत येण्याबाबत

नमस्कार मॅडम,

सव्वा वर्षानंतर अचानक माझा मेल पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आडपडदा न ठेवता सांगतो, मला परत यायचं आहे. डिस्पॅच किंवा स्टोअर्समध्ये माझ्याजोगी जागा आहे का, किंवा पुढच्या काही महिन्यांत निघेल का, हे विचारायला लिहितोय.

राजीनाम्यात मी 'वैयक्तिक कारण' लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. टीम लीडची जागा मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. ती माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली आणि ते मला फार लागलं. तुम्ही केबिनमध्ये बोलावून "काही बोलायचंय का?" असं विचारलंत, तेव्हा मी "काही नाही" म्हणालो आणि त्याच रात्री बाहेर अर्ज टाकला. नव्या ठिकाणी पगार जास्त होता, पण नुसत्या पगारासाठी मी गेलो नसतो.

हँडओव्हरही मी मनापासून केला नाही. परत आलेल्या मालाच्या शीटमध्ये पिवळी ओळ म्हणजे माल तपासून झाला, क्रेडिट नोट बाकी. केशरी म्हणजे ट्रान्सपोर्टरशी वाद चालू. हे फक्त माझ्या डोक्यात होतं, लिहून कुठेच ठेवलं नाही. मी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्या नव्या टीम लीडचा फोन आला, "दादा, ही केशरी भानगड काय आहे?" मी दोन वाक्यांत कटवलं. त्या महिन्याचं क्लोजिंग तुम्हाला किती जड गेलं ते नंतर कानावर आलं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. त्याची मागच्या आठवड्यात फोनवर मागितली.

तुम्ही त्याला का निवडलंत, ते आता कळतं. इथे माझ्याकडे चार जण आहेत. कामाचा गुंता मी सोडवतो, पण दोघांचं वाजलं की माझी त्रेधा उडते. तो ते हसतखेळत मिटवायचा. त्याच्या हाताखाली काम करायची माझी तयारी आहे. सुरुवातीला अवघड जाईल, नाही कशाला म्हणू?

इथे तसं वाईट काही नाही. पण दिवसभर रिपोर्ट बनवतो, माल डोळ्यांना दिसत नाही. शेवटची गाडी गेटबाहेर पडली की जे बरं वाटायचं, ते इथे नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. महिनाअखेरीला सलग चार-पाच रात्री थांबणं मला तेव्हाही झेपत नव्हतं, आताही झेपणार नाही. तेव्हा मी नुसता धुसफुसत राहिलो. पाळ्या लावता आल्या, तर माझ्या वाट्याच्या रात्री मी चुकवणार नाही.

पगार जाताना होता तेवढा मिळाला तरी चालेल. इथला नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. एचआरकडे रीतसर अर्ज करण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं. संध्याकाळी सातनंतर कधीही फोन केलात तरी चालेल, नंबर तोच आहे. जमण्यासारखं नसेल तर तसंही कळवा, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही.

आपला,
डिस्पॅचमधला केशरी ओळीवाला